लिंबाची पिंपं आणि दोन हिशेब : अर्धवट मालासह प्रक्रिया खर्चाच्या नोंदी

२ मे

श्रीगोंद्याजवळच्या एका लोणच्याच्या कारखान्याचा एप्रिलचा खर्चाचा तक्ता करायला घेतला आहे. आजवर इथे महिन्याचा सगळा खर्च बेरजेला धरून तयार मालाने भागायचा, एवढाच हिशेब होता. महिना संपताना पिंपात मुरत असलेल्या मालाची किंमत कुणी तरी डोळ्यांनी अंदाजून टाकत असे. यंदा लिंबाचा भाव महिन्याभरात इतका वर गेला की तो अंदाज चालेना. मालकांनी, म्हणजे दादांनी, विचारलं, "ताई, एक पिंप मुरवायला मला नक्की किती पडतं?" त्या एका प्रश्नापायी या नोंदी. दुसऱ्या कुणाला हेच करायचं असेल तर माझ्या चुका तरी वाचतील.

काम दोन टप्प्यांत चालतं. पहिल्यात लिंबं धुतात, पुसतात, चिरतात, मीठ-हळद लावून पिंपात भरतात आणि दहा दिवस मुरू देतात. दुसऱ्यात मसाला, तेल आणि बरण्या. मी फक्त पहिला टप्पा घेतला आहे, कारण अर्धवट माल तिथेच राहतो.

आज फक्त एकक ठरवलं, तेवढ्यातच दुपार गेली. आधी किलो धरले होते. पण मुरताना फोडी बसतात, रस सुटतो, शिवाय वजन कधी पिंपासकट तर कधी पिंप वगळून लिहिलेलं. तीन वह्यांत तीन आकडे निघाले. शेवटी मीठ वगळून १०० किलो लिंबाचं एक पिंप, हेच एकक केलं. पिंपं मोजता येतात आणि वाद होत नाहीत.

३ मे

पिंपांची मोजणी. १ एप्रिलला ४० पिंपं मुरत होती. एप्रिलभरात १०० नवी भरली. ११० पिंपं दुसऱ्या टप्प्याकडे गेली. ३० एप्रिलच्या संध्याकाळी ३० शिल्लक. ४० आणि १०० मिळून १४०, ११० आणि ३० मिळूनही १४०. हा मेळ पहिल्या झटक्यात लागला नाही. आधी १३८ आणि १४० असं येत होतं. दोन पिंपं पत्र्याच्या शेडमागे सावलीत नेऊन ठेवलेली सापडली.

या महिन्यात एकही पिंप नासलं नाही हे माझं नशीब. नासलं असतं तर मोजणीत त्याची वेगळी ओळ लागली असती, आणि ते नेहमीच्या नासाडीत बसतं की जास्तीचं, हेही ठरवावं लागलं असतं.

खर्च असा. आरंभीच्या ४० पिंपांवर मार्चअखेर लिंबू-मिठाचे २,४०,००० आणि मजुरी वगैरेचे ४३,८०८ रुपये पडलेले होते. एप्रिलमध्ये १०० पिंपांच्या मालाला ९,५०,००० आणि मजुरी, भाडं, वीज मिळून १,४८,५०० रुपये. एकूण १३,८२,३०८. हा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. पुढे काहीही केलं तरी शेवटी इथेच परत यायचं आहे.

मार्चचं पिंप मालात ६,००० ला पडलं होतं, एप्रिलचं ९,५०० ला. लिंबू ५५ वरून ९० रुपये किलोवर गेलं आणि मीठ-हळदीचे पाचशे तसेच राहिले. उन्हाळ्यात येणारा माल हस्त बहराचा. तो कमी असतो आणि गिऱ्हाईक जास्त, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पिंपं भरणं दादांनाही आवडत नाही. पण ऑर्डर हातात होती.

५ मे

आज मोठी चूक केली आणि ती उशिरा कळली.

खर्च वाटायच्या दोन पद्धती करून पाहायच्या आहेत, भारित सरासरी आणि फिफो, म्हणजे प्रथम आवक प्रथम जावक. दोन्ही पद्धतींना समतुल्य एककं लागतात. म्हणजे अर्धवट पिंपांवर झालेलं काम पूर्ण किती पिंपांच्या कामाइतकं आहे, ते. माल पहिल्याच दिवशी सगळा पडतो, म्हणून मालाच्या बाबतीत अर्धवट पिंपही शंभर टक्के. प्रश्न मजुरी आणि इतर खर्चाचा. मी सरळ दिवस मोजले. आरंभीची पिंपं सरासरी पाच दिवस मुरलेली, म्हणजे ५० टक्के. शेवटची ३० पिंपं सरासरी अडीच दिवसांची, म्हणजे २५ टक्के. झालं म्हणून चहा प्यायला गेले.

परत येऊन दर तपासला तर तो वेडावाकडा. ४३,८०८ रुपये ४० पिंपांच्या निम्म्यावर, म्हणजे २० एककांवर टाकले की मार्चचा दर पिंपामागे २,१९० येतो. एप्रिलचा दर त्याच पद्धतीने १,५२३. मजुरी कमी झालेली नाही, उलट एप्रिलअखेर रविवारीही काम झालं होतं. मग दर एका महिन्यात साडेसहाशेनं उतरला कसा? आधी वाटलं मार्चचा आकडाच चुकीचा. दोन तास मार्चच्या हजेरीपटात घालवले. पट बरोबर होता.

६ मे

सकाळी गेले आणि चिरायच्या जागेवर बसून राहिले. तिथल्या मावशींनी एका वाक्यात सांगितलं, "अहो, सगळा राबता पहिल्या दिवशीच. नंतर पिंपाला काय, रोज एकदा लोळवायचं." मी कागदावर टक्के शोधत होते आणि उत्तर त्यांच्या पाटीवर होतं.

मग एका पिंपाचा खर्च मांडला. १०० किलो लिंबं धुऊन, पुसून, चिरायला दोन बायकांचा एक-एक रोज, ३७५ प्रमाणे ७५० रुपये. भरणं, मीठ लावणं, उचलून नेणं, १५०. हे ९०० रुपये पहिल्याच दिवशी संपतात. उरलेले साधारण ६०० दहा दिवसांत पसरतात. लोळवणाऱ्या गड्याची मजुरी, जागेचं भाडं आणि दिवा धरून रोजचे ६० रुपये. म्हणजे पिंप भरलं की ६० टक्के काम झालंच, आणि पुढे रोज चार टक्के.

आता पाच दिवसांचं पिंप ६० अधिक २० म्हणजे ८० टक्के. अडीच दिवसांचं ६० अधिक १०, म्हणजे ७० टक्के. आरंभीच्या ४० पिंपांची ३२ एककं झाली, शेवटच्या ३० ची २१. मार्चचा दर ४३,८०८ भागिले ३२, म्हणजे १,३६९. हा पटतो.

या एका चुकीचा भार किती होता ते मुद्दाम काढून ठेवलं. दिवसांच्या टक्क्यांनी शेवटच्या पिंपांवर मजुरी सुमारे ११,४०० रुपये बसत होती. खऱ्या टक्क्यांनी ३१,५०० बसते. वीस हजारांचा फरक, आणि अजून पद्धत निवडलेलीही नाही.

एक किरकोळ अडचणही झाली. पिंपाच्या झाकणावर भरल्याची तारीख खडूनं लिहितात. लोळवताना ती पुसते. सहा पिंपांवर काहीच नव्हतं, त्यांचं वय शेजारच्या पिंपांवरून धरलं. आजपासून पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने कड्याला बांधायला सांगितली आहे.

७ मे

भारित सरासरी आधी केली, ती सोपी म्हणून. यात आरंभीच्या पिंपांवर मार्चमध्ये काय झालं हे विसरायचं. मार्चचा खर्च आणि एप्रिलचा खर्च एका हंड्यात ओतायचा, ढवळायचा आणि सगळ्यांना सारखा वाढायचा. एककंही तशीच. बाहेर गेलेली ११० पूर्ण, अधिक शेवटच्या मालाची.

मालाची एककं १४०, खर्च ११,९०,०००, दर ८,५००. मजुरीची एककं ११० अधिक २१ म्हणजे १३१, खर्च ४३,८०८ अधिक १,४८,५०० म्हणजे १,९२,३०८, दर १,४६८. पिंप ९,९६८ ला पडलं. बाहेर गेलेल्या ११० पिंपांचे १०,९६,४८० आणि शिल्लक ३० पिंपांचे २,५५,००० अधिक ३०,८२८, म्हणजे २,८५,८२८. दोन्हींची बेरीज १३,८२,३०८. कॅलेंडरवरचा आकडा.

हे लिहिताना वाटतं तितकं सरळ झालं नाही. पहिल्या वेळी मजुरीची एककं ९९ टाकली होती. ती फिफोची एककं आहेत, शेजारच्या रकान्यातून चुकून ओढली गेली. दर १,९४२ आला. वाढलेल्या मजुरीमुळे असेल अशी मी स्वतःची समजूत घालत होते. पण वाटप केल्यावर एकूण खर्चापेक्षा ६२,१६० रुपये जास्त वाटले गेले. नसलेले पैसे कुणी वाटू शकत नाही, म्हणून चूक सापडली. खर्चात मार्च घेतला असेल तर एककांतही मार्चचं काम हवं. एकात घ्यायचं आणि दुसऱ्यात सोडायचं, हे चालत नाही.

तक्त्यात आता हे असं आहे. B3 मध्ये आरंभीची पिंपं, B5 बाहेर गेलेली, B7 शिल्लक, आणि C रकान्यात मजुरीचं काम किती झालं ते. पहिली ओळ भारित सरासरीची, दुसरी फिफोची.

```
=B5+B7*C7
=B5+B7*C7-B3*C3
```

फरक फक्त शेवटच्या वजाबाकीचा. मालासाठी हीच सूत्रं चालतात, C मध्ये १ टाकायचा.

९ मे

आज फिफो. यात मार्चचं काम मार्चच्या भावाने बंद करून बाजूला ठेवायचं आणि एप्रिलचा खर्च फक्त एप्रिलच्या कामावर टाकायचा.

एप्रिलमध्ये मजुरीचं काम किती झालं? जुन्या ४० पिंपांचं उरलेलं २० टक्के, म्हणजे ८. एप्रिलमध्येच भरून एप्रिलमध्येच बाहेर गेलेली ७०. शिल्लक ३० ची २१. एकूण ९९. दर १,४८,५०० भागिले ९९, म्हणजे १,५००. मालाचा दर सरळ ९,५००, कारण जुन्या पिंपांत एप्रिलचं एकही लिंबू गेलेलं नाही.

जुनी ४० पिंपं : आधीचे २,८३,८०८, त्यांना पूर्ण करायला ८ गुणिले १,५०० म्हणजे १२,०००. झाले २,९५,८०८, पिंपामागे ७,३९५. नवी ७० पिंपं ११,००० प्रमाणे ७,७०,०००. बाहेर गेले १०,६५,८०८. शिल्लक ३० पिंपं : माल २,८५,००० आणि मजुरी ३१,५००, म्हणजे ३,१६,५००. बेरीज पुन्हा १३,८२,३०८.

पहिल्या प्रयत्नात जुन्या ४० पिंपांनाही एप्रिलचा पूर्ण दर लावला होता. जुनं काम सोडून फक्त उरलेलं काम मोजायचं हे डोक्यात होतं, पण ते बोटात उतरायला वेळ लागला.

आता दोन्ही शेजारी ठेवले. शिल्लक मालात ३०,६७२ रुपयांचा फरक, आणि बाहेर गेलेल्या मालात बरोबर तेवढाच उलट दिशेने. तो कुठून आला हे सोडवून पाहिलं. ३० पिंपांच्या मालात प्रत्येकी हजार रुपये, म्हणजे ३०,०००. २१ एककांच्या मजुरीत प्रत्येकी ३२ रुपये, म्हणजे ६७२. मजुरीचं फारसं काही नाहीच, सगळा खेळ लिंबाचा. लिंबाचा भाव मार्च-एप्रिल सारखा राहिला असता तर दोन्ही पद्धतींत जेमतेम सातशे रुपयांचं अंतर पडलं असतं आणि आठवडा वाचला असता.

१० मे

दादांना दाखवलं. त्यांनी थेट विचारलं, "यातलं खरं कोणतं?" एप्रिलचा खर्च दोन्हींत तोच आहे, फक्त तो गेलेल्या आणि राहिलेल्या मालात कसा वाटायचा एवढाच प्रश्न आहे, असं सांगितलं. त्यांचं समाधान झालं नाही. ते बरोबरच होतं, कारण त्यांना एका नव्या गिऱ्हाइकाला २५ पिंपं मालाचा भाव द्यायचा होता आणि कच्चा आकडा त्यांनी माझ्याच तक्त्यातला ९,९६८ धरला होता.

तो आकडा त्या कामाचा नाहीच. ९,९६८ मध्ये मार्चची स्वस्त लिंबं मिसळली आहेत, आणि ती संपली. आज नवं पिंप भरलं तर ११,००० पडतात. पिंपामागे १,०३२ कमी धरले असते तर २५ पिंपांत २५,८०० रुपये स्वतःच्या खिशातून गेले असते. फिफोच्या कागदावर हा ११,००० वेगळा दिसतो, सरासरीच्या कागदावर तो कुठेच लिहिलेला नाही.

मजुरीचंही तसंच. मार्चचा दर १,३६९, एप्रिलचा १,५००. सरासरीने ते १,४६८ केलं आणि वाढ अर्धीअधिक नाही तरी चौथाईने झाकली. पूर्ण वाढ पिंपामागे १३१, म्हणजे ९९ एककांवर सुमारे १३,००० रुपये. शोध घेतला तर शेवटच्या पाच दिवसांत रोज सहा पिंपं भरली होती, एरवी तीन-चार भरतात. रविवारी आलेल्या बायकांना दीडपट रोज दिला होता. दादांना तो दिला हे माहीत होतं, पण त्याचा आकडा किती ते नव्हतं.

११ मे

पुस्तकात कोणती पद्धत? भारतीय लेखा मानक २ साठ्याच्या किमतीसाठी फिफो आणि भारित सरासरी दोन्ही चालवून घेतं. शेवटचा माल आधी गेला असं धरणारी पद्धत चालत नाही. पण एकदा घेतलेली पद्धत दर महिन्याला सोयीने बदलता येत नाही, आणि बदलली तर त्याचा परिणाम सांगावा लागतो. इथे मसाल्याचा आणि बरण्यांचा साठा आधीपासून सरासरीने आहे. म्हणून पुस्तकात सरासरीच ठेवली, आणि फिफोचा कागद गिऱ्हाइकाला भाव सांगण्यासाठी आणि मजुरीच्या दरासाठी वेगळा ठेवला. फिफोच्या कागदाने शिल्लक ३०,६७२ जास्त दिसते, म्हणजे कागदावरचा नफाही तितका वर जाऊ शकतो. तो आकडा बँकेला दाखवायला बरा वाटेल, असं दादा म्हणाले. मी हसले आणि पुढे गेले.

फिफोतली एक गोष्ट मुद्दाम सोडून दिली. दुसऱ्या टप्प्यात ४० पिंपं ७,३९५ ने आणि ७० पिंपं ११,००० ने गेली. हे दोन थर मसाल्याच्या कढईपर्यंत वेगळे ठेवायचे का? मी ठेवले नाहीत. ११० पिंपं सरासरी ९,६८९ ने पुढे गेली असं लिहिलं. तिसऱ्या महिन्यापर्यंत थर सांभाळणं म्हणजे वही एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे.

कारखान्यात जुनं पिंप आधी उघडतात का, हेही विचारलं. मावशी म्हणाल्या, जे दाराजवळ असेल ते. हिशेबाला तसं चालतं, फिफो हा किमतीचा क्रम आहे, पिंपांचा नव्हे. पण शिल्लक पिंपांचं वय आपण मोजतो, म्हणून कोणतं राहिलं हे चिठ्ठीवरून पाहावंच लागतं.

१ जून

मे संपला. लिंबू उतरलं, मालाचं पिंप आता ७,००० ला. मेमध्ये ६० पिंपं भरली, ७० बाहेर गेली, २० शिल्लक. माल तेवढाच पाहते, मजुरीचा फरक नगण्य आहे.

फिफोने आरंभी २,८५,०००, शेवटी २० गुणिले ७,००० म्हणजे १,४०,०००. बाहेर ५,६५,०००. सरासरीने आरंभी २,५५,०००, त्यात ४,२०,००० मिळवून ९० ने भागलं की ७,५००. शिल्लक १,५०,०००, बाहेर ५,२५,०००.

एप्रिलमध्ये फिफोची शिल्लक ३०,००० ने वर होती. मेमध्ये ती १०,००० ने खाली. एप्रिलमध्ये फिफोने बाहेर ३०,००० कमी पाठवले आणि मेमध्ये ४०,००० जास्त. दोन महिने मिळून फरक दहा हजारच उरला, तोही २० पिंपांत अडकलेला. पिंपं रिकामी झाली की तोही जाईल.

फिफोचा कागद मेमध्ये दादांना आवडला नाही. एप्रिलची महाग पिंपं सगळी मेच्या खात्यावर आली आणि महिना पडलेला दिसला. सरासरीत हा धक्का थोडा मऊ होतो. तीच ११,००० वाली पिंपं आहेत, फक्त आता बाहेर पडली आहेत, असं सांगितलं.

३ जून

चिठ्ठ्या बांधून महिना झाला. शिल्लक २० पिंपांपैकी १९ वर तारीख स्पष्ट. एकीवर फक्त 'बुध' लिहिलं आहे. कोणता बुधवार, ते मावशींना विचारून लिहिलं.